दरपत्रकातली एक ओळ

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लाँड्रीच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत वाटपबाई एकवीस वर्षं एकच काम करत होत्या. भिंतीपलीकडे चादरी धुणारी मशीनं दिवसभर घरघरायची आणि बाईंच्या टेबलावरचा चहा कपात थरथरत राहायचा. नवीन माणसाला त्याचं नवल वाटे. बाईंना आता मशीन बंद पडलं तरच कळायचं.

त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण ते तिथंच राहिलं. काम वाटपाचं, म्हणून वाटपबाई. हॉस्पिटलात कॉम्प्युटर विभाग एकच आणि तो वापरणारे विभाग तेहतीस. कॉम्प्युटर विभागाचा सगळा खर्च, म्हणजे मशीनं, सर्व्हर, पगार, दुरुस्ती, या तेहतिसांवर बसवायचा. वर्षाच्या सुरुवातीला दरपत्रक निघे: एका कॉम्प्युटरमागे महिन्याला एक हजार नऊशे, सर्व्हरवरच्या जागेला एका जीबीमागे दोन, त्या जागेच्या बॅकअपला एका जीबीमागे सहा, हेल्पडेस्कच्या प्रत्येक फोनला अडीचशे. महिनाअखेरीला बाई कुणाकडे काय आहे त्याची मोजदाद घ्यायच्या, दराने गुणायच्या आणि तेवढी रक्कम त्या त्या विभागाच्या बजेटमधून वळती करायच्या. पैसा हॉस्पिटलाबाहेर एक दमडीही जात नसे. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात. पण ज्याच्या खिशातून निघे त्याला ते लागतंच, आणि ते लागणं ऐकून घ्यायला महिन्याचा पहिला आठवडा बाईंचा फोन असायचा.

"बाई, आमच्याकडे सोळा कॉम्प्युटर कुठून आले? बारा आहेत."

"चार तुम्ही मागच्या मार्चात परत केले, पण स्टोअरची पावती आली नाही. पावती पाठवा, पुढच्या महिन्यात उलटी नोंद करते."

"बाई, हा हेल्पडेस्कचा फोन तर आम्ही केलाच नाही."

"पाच तारखेला, प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून. शिस्टरांचं नाव आहे."

असं दिवसभर. कुणी चढ्या आवाजात बोललं तरी बाई चढत नसत. त्यांच्यात चढायचं बळच उरलं नव्हतं. संध्याकाळी घरी गेल्या की चपला काढून भिंतीला टेकून बसायच्या, आणि रिटायर झालेले त्यांचे यजमान स्वयंपाकघरातून विचारायचे, "आज किती जणांनी खाल्लं डोकं?" बाई बोटांनी आकडा दाखवायच्या. बोलायचाही कंटाळा.

त्या वर्षी मे महिन्यात वाचाताई आली ती फोन न करता, जिना उतरून. वाचा उपचार विभागाची ती प्रमुख. आठ माणसांचा विभाग, तिसऱ्या मजल्याच्या टोकाला. झटका येऊन बोलणं गेलेली माणसं, तोतरी मुलं, आणि घशाच्या ऑपरेशनला निघालेले रोगी तिच्याकडे यायचे. तिला आधी डॉक्टरबाई म्हणत, मग कधीतरी वाचाताई झालं. बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तिच्या हातात एप्रिलचं वाटपपत्रक होतं, घडी घालून घालून मऊ पडलेलं.

"बाई, मला पंचवीस हजार मंजूर आहेत महिन्याला. हे अठ्ठावीस आलंय. पहिल्याच महिन्यात तीन हजार वर. वर्षाचे छत्तीस होतील. मी कुठून आणू?"

बाईंनी पत्रक पुढे ओढलं. अकरा कॉम्प्युटर, वीस हजार नऊशे. सहा फोन, दीड हजार. सातशे जीबी जागा, चौदाशे. त्याच जागेचा बॅकअप, चार हजार दोनशे.

"सातशे जीबी? तुमच्याकडे काय सिनेमे आहेत का गं?"

"आवाज आहेत. व्हिडिओ आहेत, तोंड कसं हलतं ते बघायला लागतं. आणि आता आवाज साठवायचं सुरू केलंय ना आपण." वाचाताई खुर्चीत बसली. "ज्यांचं स्वरयंत्र काढायचं असतं त्यांच्याकडून ऑपरेशनच्या आधी साडेतीनशे वाक्यं वाचून घेतो. मग त्यावरून त्यांचा आवाज बांधतात. पुढे त्यांनी टाइप केलं की मशीन त्यांच्याच आवाजात बोलतं. बाहेरची कंपनी करते, तीन महिन्यांची रेकॉर्डिंग आम्ही एकदम पाठवतो."

"छान आहे की," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच छान वाटलं. पण डोळे पत्रकावर होते. "कॉम्प्युटर कमी करता येतील?"

"एक सुद्धा नाही."

"फोन?"

"फोन केला नाही तर मशीन बंद ठेवून बसू?"

बाईंनी पेन्सिल बॅकअपच्या ओळीवर ठेवली. तीन वर्षांपूर्वी बाहेरून एक सल्लागार आले होते, गुळगुळीत बुटांचे. ज्याला जे हवं तेवढंच त्याने घ्यावं, म्हणजे खर्चाला आपोआप आळा बसेल, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून बॅकअप ही दरपत्रकात वेगळी ओळ झाली होती. घेतलीच पाहिजे असं नव्हतं. चार विभागांनी ती सोडलीही होती. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

"ही ओळ सोड," बाई म्हणाल्या. "तेवीस हजार आठशेवर येशील. वर बाराशे शिल्लक राहतील."

"काही होणार नाही ना?"

"सर्व्हर चांगले आहेत. एक डिस्क गेली तरी दुसऱ्या सांभाळून घेतात." हे त्यांनी कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखांकडून ऐकलेलं होतं. त्यांना सगळे सर्व्हरराव म्हणत. "पुढच्या वर्षी बजेट वाढवून घे, तेव्हा परत चालू करू."

वाचाताईला चार वाजता रोगी होता. म्हणून सेवा बंद करायचा अर्ज बाईंनीच भरून दिला. विभागाचं नाव, सेवेचं नाव, एक जूनपासून, आणि शेवटी 'परिणाम समजून घेतले आहेत' या रकान्यात खूण. वाचाताईने उभ्या उभ्या सही केली आणि बाईंचा हात दाबला. "तुम्ही नसता तर मला खर्च समितीपुढे उभं राहायला लागलं असतं." त्या दिवशी बाई जरा बऱ्या मनाने घरी गेल्या. एकवीस वर्षांत कुणी हात दाबल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

पुढचे महिने नेहमीसारखे गेले. जूनचं वाटप, जुलैचं वाटप, ऑगस्टचं. वाचा विभाग दर महिन्याला पंचविसाच्या आत.

सप्टेंबरच्या मध्यावर एका सोमवारी बाई आल्या तर जिन्यावरच धावपळ. शुक्रवारी रात्री सर्व्हरची एक डिस्क गेली होती. तिच्या जागी नवीन टाकून तिच्यावर माहिती पुन्हा उतरवण्याचं काम चालू होतं, तेवढ्यात रविवारी त्याच रांगेतली दुसरी गेली. एक गेली तर चालतं. त्या रांगेला दोन गेलेल्या चालत नाहीत. सात विभागांची माहिती त्या रांगेवर होती. सर्व्हरराव दोन दिवस घरी गेले नव्हते, दाढी वाढलेली, डोळे तांबडे. संध्याकाळपर्यंत त्यांनी सहा विभागांची माहिती बॅकअपवरून परत आणली. कुणाचा अर्धा दिवस वाया गेला, कुणाचा एक.

सातवा विभाग वाचा उपचार.

सर्व्हरराव स्वतः खाली आले. बाईंच्या टेबलापाशी उभे राहिले आणि बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई, तिसऱ्या मजल्याचा बॅकअप जूनपासून बंद दिसतोय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हो."

"का?"

"परवडत नव्हता."

सर्व्हरराव भिंतीकडे बघत राहिले. भिंतीपलीकडे चादरी पिळून निघत होत्या. "आधीच्या प्रती आम्ही सेवा बंद झाल्यावर सहा महिने ठेवतो. म्हणजे एकतीस मेपर्यंतचं सगळं मिळेल. आजच उतरवायला लावतो. पण त्यानंतरचं..." त्यांनी मान हलवली. "डिस्क बाहेर पाठवून बघतो. आशा धरू नका."

डिस्क बाहेर गेल्या आणि आठ दिवसांनी परत आल्या. काही निघालं नाही.

त्या आठ दिवसांत बाईंनी रोजचं काम केलं. पावत्या लावल्या, उलट्या नोंदी टाकल्या. फोनवर 'हो, बघते' म्हणत राहिल्या. घरी यजमान काहीबाही सांगत असायचे, गॅसची टाकी, शेजाऱ्यांचं भांडण, कुठल्याशा दुकानात मिळालेल्या स्वस्त छत्र्या. बडबड्या माणूस. एरवी बाई दोन मिनिटांनी म्हणायच्या, पुरे हो आता. त्या आठवड्यात म्हणाल्या नाहीत. यजमानांनाच संशय आला. "बरं नाही का तुला?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे. बोला तुम्ही."

नवव्या दिवशी बाई तिसऱ्या मजल्यावर गेल्या. वाचाताई रेकॉर्डिंगच्या खोलीत होती. भिंतींना जाड फोम लावलेली, कपाटाएवढी खोली. आत गेलं की आपलाच श्वास मोठा वाटे. तिने पुढ्यात यादी ठेवली होती.

"जुलै ते सप्टेंबर सात जणांचे आवाज घेतले होते," ती म्हणाली. "सहा जणांचं ऑपरेशन अजून व्हायचंय, त्यांना पुन्हा बोलावते. दमतील बिचारे, पण होईल. सातव्याचं ऑगस्टमध्ये झालं."

बाईंनी यादीतली सातवी ओळ शोधली.

"वायरमनकाका. जुलैमध्ये चार दिवस येऊन बसले होते इथे. या महिनाअखेरीला त्यांचं कंपनीला पाठवायचं होतं." तिने यादीची घडी घातली. "चूक माझी आहे, बाई. सही माझी आहे."

"सही तुझी आहे. अक्षर माझं आहे."

"उद्या येणार आहेत ते. तपासणीला."

"किती वाजता?"

"तुम्ही कशाला येता?"

"किती वाजता ते सांग."

दुसऱ्या दिवशी अकराला बाई तिथे होत्या. वायरमनकाका सत्तरीच्या आतबाहेरचे, उंच, हाताची बोटं जाड, नखांच्या कडा कायमच्या काळ्या. गळ्यात पांढरी सुती पट्टी, श्वासाच्या छिद्रावर. चाळीस वर्षं लोकांच्या घरांत तारा ओढलेला माणूस. बरोबर त्यांची बायको, ठेंगणी, मांडीवर औषधांची पिशवी. काकांच्या हातात पुसता येणारी पाटी होती, दोरीने पेन बांधलेलं.

वाचाताईने सांगितलं. आडवळणं न घेता सांगितलं. रेकॉर्डिंग गेलं, परत मिळालं नाही, तुमचा आवाज आता बांधता येणार नाही. यंत्र मिळेल, पण त्यातला आवाज कंपनीचा असेल.

काकांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने आधी ऐकलंच नाही असं केलं, मग पिशवी खाली ठेवली.

"गेलं म्हणजे? एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात दुसरी प्रत नाही ठेवत?"

"ठेवतात," वाटपबाई म्हणाल्या. "या विभागाची ठेवली नव्हती. ती ठेवायचा दर असतो. तो विभागाच्या बजेटात बसत नव्हता, म्हणून मी तो बंद करायला सांगितला."

"आणि तुम्ही कोण?"

"मी खर्चाचं वाटप करते."

बाईंना वाटलं होतं की हे ऐकून ती ओरडेल. तयारी ठेवली होती. पण ती नुसती बघत राहिली, बाजारात तोलून घेताना बघतात तशी.

"किती दर होता?"

"महिन्याला चार हजार दोनशे."

"मग वाचले ते?"

एकवीस वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. ना विभागप्रमुखांनी, ना ऑडिटरने, ना त्या गुळगुळीत बुटांच्या सल्लागारांनी. बाईंना उत्तर माहीत होतं, मे महिन्यातही माहीत होतं, पण ते कधी कुणापुढे उच्चारायची वेळ आली नव्हती.

"नाही," त्या म्हणाल्या. "बॅकअपचं मशीन तेवढंच चालत होतं. भाडं तेवढंच, माणसं तेवढीच. या विभागाच्या कागदावरचे चार हजार दोनशे कॉम्प्युटर विभागाच्या कागदावर जाऊन पडले. हॉस्पिटलचं काहीच वाचलं नाही."

बायकोने डोळ्याला पदर लावला नाही, काही नाही. पिशवीतली औषधं काढून पुन्हा एकदा पिशवीत भरली. मग काकांचं पेन पाटीवर करकरलं. त्यांनी पाटी फिरवून धरली.

'साडेतीनशे वाक्यं वाचली. त्यातलं एकही माझं नव्हतं.'

वाचाताईला आधी कळलं नाही. काकांनी पुसून पुन्हा लिहिलं.

'टेकडीवर हिरवं झाड आहे. राणीने पत्र लिहिलं. असलं आयुष्यात कधी बोललो नाही.'

वाचाताईला हसू आवरेना आणि त्याच हसण्यात तिला रडूही फुटलं. बायको मात्र वसकन अंगावर आली, पण नवऱ्याच्या. "थट्टा सुचतेय! मी घरी आता कुणाशी बोलू? टेकडीवरच्या झाडाशी?" आणि मग तीही रडली. काकांनी पाटी मांडीवर ठेवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिथेच राहिला. बाई उठून बाहेर गेल्या असत्या, पण दार त्यांच्या पाठीमागे नव्हतं, पुढे होतं, या दोघांच्या मधून जायला लागलं असतं. म्हणून बसून राहिल्या.

रडणं ओसरल्यावर वाचाताईने विचारलं, "काकू, फोनवर त्यांचे आवाजी निरोप असतील का? ऑपरेशनच्या आधीचे?"

काकूंनी फोन काढला. शोधायला वेळ लागला. तेवीस निघाले. पहिला लावला तसा खोलीत एक जाडाभरडा, घाईचा आवाज घुमला: "अगं, तो दहा नंबरचा पाना कुठे ठेवलास? मी इथे शिडीवर उभाय!" दुसरा: "जेवायला थांबू नका." तिसऱ्यात नुसतीच कुणावर तरी केलेली चिडचिड होती. बाईंनी वायरमनकाकांकडे पाहिलं. ते स्वतःचा आवाज मान तिरकी करून ऐकत होते, दुसऱ्याच्या घरातलं वायरिंग तपासावं तसं, कुठे बिघाड आहे का बघत.

"यावरून पूर्ण आवाज बांधता येणार नाही," वाचाताई म्हणाली. "कमी पडतं, आणि मागे रस्त्याचा गोंगाट आहे. पण यातली वाक्यं आहेत तशी यंत्रात टाकता येतील. बटण दाबलं की वाजतील."

काकूंनी नाक पुसलं. "म्हणजे जन्मभर मला पानाच विचारणार."

काकांनी लिहिलं: 'सापडला नाही अजून.'

त्या दोघांनी बाईंना माफ केलं असं काही झालं नाही. जाताना काकूंनी वाचाताईला नमस्कार केला, बाईंना केला नाही. ते बरोबरच होतं.

बाई खाली आल्या आणि दार लावून बसल्या. सप्टेंबरचं वाटप सात दिवसांवर आलं होतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि दरपत्रकाचा मूळ हिशेब उघडला, दर कुठून आला तो. बॅकअपचा महिन्याचा एकूण खर्च तीन लाख. अंदाजे वापर पन्नास हजार जीबी. म्हणून एका जीबीला सहा. आता त्या पन्नास हजारांतले अडतीस हजार एकट्या एक्स-रे विभागाचे, फोटोंचे. त्यांना बॅकअप सोडायची परवानगीच नव्हती, कायद्याने ठेवावा लागे. त्यांचे दोन लाख अठ्ठावीस हजार जागच्या जागी ठेवले तर उरले बहात्तर हजार. बाकी सगळ्या विभागांचे मिळून. आणि हॉस्पिटलात कॉम्प्युटर होते दोन हजार चारशे.

बाईंनी भागाकार केला. पुन्हा केला. मग कॅल्क्युलेटर बंद करून कागदावर केला.

तीस.

एका कॉम्प्युटरमागे महिन्याला तीस वाढवले की प्रत्येक विभागाचा बॅकअप त्यातच येत होता. सोडायची ओळच राहत नव्हती. वाचा विभागाला चार हजार दोनशेच्या जागी तीनशे तीस पडले असते. बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि तळहातांनी डोळे दाबून धरले. हा भागाकार त्या मे महिन्यातही करू शकल्या असत्या. पाच मिनिटांचं काम होतं.

वित्तप्रमुख वरच्या मजल्यावर बसत. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, आणि ते वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांच्यापुढे रोज कुणीतरी कागद घेऊन उभं असे. त्यांनी बाईंचा कागद दोनदा वाचला.

"वर्षाच्या मधे दर बदलता येत नाही, बाई. बजेटं मंजूर झालीत. एप्रिलपर्यंत थांबायला लागेल. आणि तेव्हाही ज्यांच्याकडे कॉम्प्युटर जास्त आणि माहिती कमी, ते म्हणतील आम्ही दुसऱ्याचं का भरायचं? वापरेल त्याने भरावं, हेच तर आपलं तत्त्व."

"बरोबर आहे साहेब. म्हणूनच हेल्पडेस्कचे फोन तसेच ठेवलेत, जागा तशीच ठेवलीय. ज्याने कमी वापरलं की खर्च कमी होतो, तिथे ते ठीक आहे. बॅकअप कुणी सोडला तरी खर्च कमी होत नाही. नुसता धोका वाढतो."

"त्या अर्जावर तर लिहिलंय, परिणाम समजून घेतलेत."

"मी खूण केली होती ती. मलाच समजले नव्हते."

मोठे साहेब खुर्चीत मागे रेलले. ते म्हातारे दिसले एकदम. "आणि एप्रिलपर्यंत?"

"पाच विभागांनी बॅकअप सोडलाय. पाचांचा मिळून महिन्याला साधारण अकरा हजारांचा. आजपासून चालू करू द्या आणि त्यांच्यावर न टाकता कॉम्प्युटर विभागाच्या खात्यावरच वसूल न झालेला खर्च म्हणून दाखवू. तसाही तो तिथेच पडलाय. फक्त आता बॅकअप असेल."

"ऑडिटर विचारेल."

"विचारू द्या. टीप लिहिलीय मी खाली. सगळं लिहिलंय, डिस्कचं, रेकॉर्डिंगचं. माझं नावही."

साहेबांनी टीप वाचली. तिथे बाईंचं हजेरीपुस्तकातलं नाव होतं, आणि साहेबांना ते कुणाचं हे लक्षात यायला क्षणभर लागलं. मग त्यांनी पेन उघडलं. "तुमच्यावर काही येईल यातून, बाई."

"येऊ दे."

आलं. चौकशी बसली, तीन बैठका झाल्या, आणि बाईंच्या फायलीत एक लेखी ताकीद लागली. सेवा बंद करण्याचा अर्ज दुसऱ्याच्या वतीने भरल्याबद्दल. दरपत्रकाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. बाईंनी ती वाचून सही केली आणि एक प्रत घरी नेली. यजमान संतापले. एकवीस वर्षांची चाकरी आणि हे फळ, असं बरंच काही. बाई भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. त्यांना राग येत नव्हता. दमल्या होत्या, पण हे दमणं वेगळं होतं, ओझं उतरवून ठेवल्यानंतर खांदे दुखतात तसं.

खर्च समितीत फेब्रुवारीत तीसवरून तासभर वाद झाला. मेट्रनबाई सगळ्यात जास्त भांडल्या. नर्सिंगकडे चारशे कॉम्प्युटर, म्हणजे त्यांना बारा हजार पडणार, आणि आत्ता बॅकअपचे नऊच पडत होते. तीन हजार फुकटचे कुणासाठी, त्यांनी विचारलं. वाचाताई उठून उभी राहिली, पण बाईंनी तिला खूण करून बसवलं आणि स्वतःच आकडे सांगितले, संथपणे, एकेक करून. काहींना पटलं, काहींना नाही. शेवटी जेवणाची वेळ झाली आणि ठराव पास झाला.

एप्रिलचं पहिलं वाटप मेच्या पहिल्या आठवड्यात गेलं. एका कॉम्प्युटरला एक हजार नऊशे तीस. बॅकअपची वेगळी ओळ उरली ती फक्त एक्स-रे विभागाच्या पत्रकात. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. बाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"वाटपबाई का?" मेट्रनबाईंचा आवाज होता, पण समितीतला नव्हता. जरा खालचा. "आमची एक नवीन मुलगी विचारतेय, हे तीस जास्तीचे कसले. मी तिला काय सांगू? मला नीट येत नाही सांगता."

"तिला फोन द्या," बाई म्हणाल्या.

पलीकडे हात बदलल्याचा आवाज झाला आणि एक कोवळा आवाज हॅलो म्हणाला. बाईंनी खुर्ची जरा पुढे घेतली, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.